स्टेटस त्याचं, नंबर सोसायटीकडे

*आमची लिफ्ट देखभालीची छोटी कंपनी आहे, सिंहगड रोडला. १८ माणसं, त्यातले ११ टेक्निशियन. गेल्या आठवड्यात एका टेक्निशियननं व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं: "मराठी येत नसेल तर लिफ्टमध्ये अडकल्यावर आम्हाला फोन करू नका", पुढे हसणारे दोन चेहरे. बाणेरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आता म्हणतात, त्याला कामावरून काढा, नाहीतर एएमसी रिन्यू करणार नाही. मुलगा सहा वर्षं आमच्याकडे आहे, कामाला चोख. मी नेटवरून ११ पानांची सोशल मीडिया पॉलिसी उतरवून घेतली आहे. त्यात सरळ "कर्मचाऱ्यांनी राजकीय, धार्मिक, सामाजिक मत मांडू नये" असं आहे. सगळ्यांच्या सह्या घेऊन लावून टाकू का? दंडाचं कलमही घालावं म्हणतो, पहिल्या वेळी ५,००० रुपये. — एक लिफ्टवाले, पुणे*

त्या स्टेटसमध्ये एकाच वाक्यात दोन गोष्टी आहेत, आणि पॉलिसी लिहिताना त्या वेगळ्या करता आल्या तर अर्धं काम तिथेच होतं. "मराठी यायला हवं" हे मत झालं. ते कुणाला पटेल, कुणाला खटकेल, पण त्याच्याशी कंपनीचा संबंध नाही. "लिफ्टमध्ये अडकल्यावर आम्हाला फोन करू नका" हे मात्र मत नाही. अडकलेल्या माणसाला किती वेळात बाहेर काढायचं, हे तुमच्या एएमसीच्या करारात लिहिलेलं असेल. तेच वचन तुमचाच माणूस "आम्ही" म्हणत गमतीत मागे घेतोय. सेक्रेटरींना भाषेपेक्षा हेच जास्त लागलं असणार. आठव्या मजल्यावरच्या आजी रात्री अकराला अडकल्या आणि त्यांनी हिंदीत फोन केला, तर हा येईल का? प्रश्न रास्त आहे.

म्हणून "मत मांडू नये" हे कलम तुमच्या कामाचं नाही. ते पाळलं जात नाही आणि तपासता येत नाही. शिवाय ज्या दिवशी एकाला त्याखाली पकडाल, त्या दिवशी बाकीचे १७ जण गेल्या दिवाळीपासूनचे एकमेकांचे स्टेटस काढून दाखवतील. मग एक तर सगळ्यांवर कारवाई करा, नाहीतर याच्यावर का केली ते सांगा. पॉलिसीनं मताला हात लावायचा नाही. मत आणि कंपनी जिथे एकमेकांना चिकटतात, त्या चार-पाच जागांवर बोट ठेवायचं.

त्यातली पहिली जागा कागदावर नाही, टेक्निशियनच्या खिशात आहे. हे स्टेटस बाणेरला पोचलं कसं ते बघा. व्हॉट्सॲपचं स्टेटस नेहमीच्या सेटिंगमध्ये दिसतं ते तुम्ही ज्यांचा नंबर सेव्ह केलाय आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, अशा लोकांना. दोन्ही बाजूंनी नंबर असावा लागतो. सेक्रेटरी लिफ्ट बंद पडली की ऑफिसला फोन करत नाहीत, थेट "लिफ्टवाला" म्हणून सेव्ह केलेल्या मुलाला करतात. मुलानंही "बाणेर सेक्रेटरी" म्हणून त्यांचा नंबर ठेवलेला असतो. अशा ३०-४० सोसायट्यांचे सेक्रेटरी, चेअरमन, वॉचमन त्याच्या फोनमध्ये जमले की त्याचं खासगी स्टेटस ही तुमच्या ग्राहकांना लावलेली नोटीस होते. त्याला ते जाणवतही नाही, कारण त्याच्या डोक्यात ते स्टेटस गावाकडच्या मित्रांसाठी असतं.

यावर उपाय म्हणजे वेगळा नंबर. ११ सिम कंपनीच्या नावावर घ्या. हल्ली बहुतेक फोनमध्ये दोन सिम बसतात. खासगी नंबरवर साधं व्हॉट्सॲप आणि कंपनीच्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस, अशी दोन ॲप एकाच फोनवर शेजारी शेजारी चालतात. ग्राहकांना फक्त कंपनीचा नंबर द्यायचा, आणि त्या नंबरवरून ऑफिसनं पाठवलेल्याखेरीज कुठलंही स्टेटस ठेवायचं नाही, सणाच्या शुभेच्छाही नाहीत. सिम कंपनीच्या नावावर असण्याचा आणखी एक फायदा म्हणजे मुलगा नोकरी सोडून गेला तरी सोसायटीकडचा नंबर तोच राहतो.

जुने नंबर लगेच पुसले जाणार नाहीत. पण दोन्ही बाजूंनी नंबर असल्याशिवाय स्टेटस दिसत नाही, म्हणजे एका बाजूनं काढला तरी पुरतं. टेक्निशियननं आपल्या खासगी नंबरमधून ग्राहकांची नावं काढून ती कंपनीच्या नंबरखाली सेव्ह केली की झालं. इथे एक मेख आहे. सिम दोन असली तरी फोनबुक बहुतेक एकच असतं आणि दोन्ही ॲप त्याच यादीतून नावं उचलतात. त्यामुळे खासगी व्हॉट्सॲपमध्ये Settings मध्ये Privacy, त्यात Status उघडून My contacts except… निवडायचं आणि ग्राहकांच्या नावांवर खूण करायची. नावांच्या आधी "सोसा" लावून ठेवलं (सोसा बाणेर सेक्रेटरी, सोसा वारजे वॉचमन) की शोधताना सगळी एकाखाली एक येतात आणि दहा मिनिटांत काम होतं. हा बदल पुढच्या स्टेटसना लागू होतो, आधी ठेवलेल्याला नाही, हे मुलांना सांगून ठेवा. हे करायला सांगा, स्वतः त्यांचा फोन हातात घेऊन करू नका.

आता कागद. तो दीड पानाचा असावा. ११ पानं कुणी वाचत नाही, आणि न वाचलेल्या कागदावरच्या सहीला वाद झाल्यावर फारसं वजन राहत नाही. सुरुवात मनाईनं करू नका, मोकळिकीनं करा. पहिलं कलम असं लिहिता येईल:

"स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या नावानं, राजकारण, धर्म, भाषा, सरकार, क्रिकेट किंवा कशाबद्दलही मत मांडायला कंपनीची परवानगी लागत नाही. कंपनी कुणाचं खासगी खातं तपासणार नाही, पासवर्ड मागणार नाही आणि सहकाऱ्यांना एकमेकांवर लक्ष ठेवायला सांगणार नाही."

हे वाचून तुम्हाला वाटेल की आपण सगळंच देऊन टाकलं. पण यामुळेच पुढची कलमं टिकतात. कारण पुढे जे मागायचंय ते थोडं आहे आणि त्याला कारण आहे:

"कंपनीचा नंबर, गणवेश, ओळखपत्र, गाडी, किंवा ग्राहकाची इमारत व लिफ्ट ज्यात दिसते किंवा ओळखू येते, अशा पोस्टमध्ये राजकीय, धार्मिक किंवा भाषेबद्दलचं मत नको. प्रोफाइल फोटो गणवेशातला असेल तर त्या खात्यावरच्या सगळ्या पोस्टना हे लागू."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मुलं डीपीला हेल्मेट घातलेला, छातीवर कंपनीचं नाव असलेला फोटो अभिमानानं लावतात. तो लावू नका असं सांगायचं नाही. फक्त तो लावला तर त्या खात्यावरचं बोलणं कंपनीच्या दारात उभं राहून बोलल्यासारखं होतं, हे समजावून सांगायचं. "मतं वैयक्तिक आहेत" अशी ओळ बायोमध्ये टाकायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका. स्क्रीनशॉटमध्ये बायो येत नाही.

तिसरं कलम तुमच्या प्रकरणाचं:

"आपण ज्यांना सेवा देतो त्या कोणत्याही व्यक्तीला किंवा समूहाला जात, धर्म, भाषा, प्रांत, लिंग, अपंगत्व किंवा खाण्यापिण्यावरून हिणवणारी, किंवा त्यांना सेवा मिळणार नाही असं सुचवणारी पोस्ट, स्टेटस, कॉमेंट किंवा फॉरवर्ड करू नये. ते गमतीत असलं तरी, आणि खासगी खात्यावर असलं तरी."

खासगी खात्यापर्यंत जाणारं एवढं एकच कलम ठेवा, आणि त्याचं कारण कागदावरच लिहा: हा माणूस उद्या त्याच लोकांच्या इमारतीत, बंद लिफ्टजवळ, कधी कधी रात्री एकटा जाणार आहे. कारण कामातून आलेलं असलं की कलम पटतं. "कंपनीच्या प्रतिष्ठेला बाधा येईल असं काहीही" असली मोघम शब्दरचना ११ पानी नमुन्यात नक्की असेल. ती काढा. कशानं बाधा येते हे आधी सांगितलं नसेल, तर नंतर ठरवणारा माणूस त्या दिवशीच्या रागावर ठरवतो, आणि ते समोरच्याला बरोबर कळतं.

हे कलम कुठे लागतं आणि कुठे नाही हे उदाहरणांनी पक्कं करा. "पुण्यात राहता तर मराठी शिका" हे मत आहे. गणवेश आणि कंपनीचा नंबर नसेल तर सोडून द्या, तुम्हाला पटो न पटो. "अमक्या पक्षाला मत देणारे मूर्ख" हे उर्मट आहे, पण तेही सोडून द्या. "असल्या लोकांना सोसायटीत घरंच देऊ नयेत", आणि "असल्या" म्हणजे एखादा धर्म किंवा जात असेल, तर तिसरं कलम लागतं. आणि परवाचं स्टेटस दुसऱ्या अर्ध्या वाक्यामुळे लागतं, पहिल्यामुळे नाही. ही ओळ तुम्ही स्वतः नीट धरली नाहीत तर मुलांना वाटेल की मालकानं मराठीबद्दल बोलायला बंदी घातली. मग त्यावरून वेगळाच वाद पेटेल.

चौथं कलम ग्राहकाच्या माहितीचं. रहिवाशांची नावं, फोटो, तक्रारी, कॅमेऱ्यातलं चित्रण, वादाचे मेसेज बाहेर टाकायचे नाहीत. हे मताबद्दल नाही, पण लिफ्टच्या धंद्यात ते मतापेक्षा जास्त घातक ठरतं. शाफ्टमधलं रील बघणाऱ्याला थरार वाटतो. पण लिफ्टच्या डोक्यावर सेफ्टी बेल्टशिवाय उभा असलेला, किंवा दरवाजाचा लॉक वायर टाकून शॉर्ट केलेला तुमचा माणूस त्यात दिसला, तर अपघातानंतर तेच रील तुमच्याविरुद्धचा पुरावा होतं. शाफ्टमध्ये, पिटमध्ये आणि मशीन रूममध्ये चित्रण करायचं नाही. कामाच्या नोंदीसाठी फोटो हवे असतील तर ते कंपनीच्या नंबरवरून ऑफिसला पाठवायचे आणि तिथेच थांबायचं.

पाचवं, कंपनीच्या वतीनं कोण बोलणार. तुम्ही आणि ऑफिसमधली आणखी एक व्यक्ती, नाव लिहून. बाकी कुणाला सोसायटीच्या ग्रुपवर किंवा गूगलच्या रिव्ह्यूखाली कुणी छेडलं तर एकच उत्तर: "ऑफिसला कळवतो." आपल्या बाजूनं भांडायला जाणारा निष्ठावंत टेक्निशियन सगळ्यात जास्त नुकसान करतो. आणि हो, सेक्रेटरींनी एक स्टार दिला म्हणून १८ जणांकडून पाच-पाच स्टार टाकून घ्यायचा मोह आवरा. आपल्याच नोकरीच्या जागेला रिव्ह्यू देणं गूगलच्या नियमात बसत नाही. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात की शिफारस करणाऱ्याचं कंपनीशी नातं असेल तर ते उघड करावं लागतं. शिवाय रिव्ह्यूवरची आडनावं नोटीस बोर्डावरच्या टेक्निशियनच्या यादीत आहेत, रहिवासी ती जुळवून बघतात.

सहावं कलम मालकांना आवडत नाही, तरी ते घाला:

"पगार, ओव्हरटाइम, कामाची सुरक्षितता याबद्दल सहकाऱ्यांशी बोलणं, संघटनेत जाणं, सरकारी खात्याकडे किंवा लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समितीकडे जाणं याला ही पॉलिसी लागू नाही."

हे नसेल तर पॉलिसी तोंड दाबायला आणली असं दिसतं, आणि वाद झाला तर समोरचा वकील पहिलं बोट इथेच ठेवतो. (दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अशी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्यानं सक्तीची आहे. तुमच्याकडे १८ आहेत. समिती नसेल तर ती या पॉलिसीच्या आधी नेमा.)

आता तुमचा दंड. ५,००० रुपये पगारातून कापता येणार नाहीत. वेतनाच्या कायद्यात दंडाला त्या महिन्याच्या पगाराच्या तीन टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, म्हणजे २५,००० पगारावर ७५० रुपये. तेवढाही लावायचा तर कोणत्या कृत्यासाठी, हे आधी सरकारी मंजुरी घेऊन नोटिशीनं जाहीर करावं लागतं, आणि कामगाराला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. एवढा खटाटोप ७५० रुपयांसाठी कुणी करत नाही. दंडाचं कलम घालूच नका. पायऱ्या ठेवा: तोंडी समज, लेखी समज, खुलासा मागवून चौकशी. तिसऱ्या पायरीवर थेट यायचं ते धमकी, ग्राहकाची माहिती फोडणं किंवा समूहाविरुद्ध द्वेष पसरवणं असेल तेव्हाच. यातल्या शेवटच्या गोष्टीला भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ ही लागू शकतं, म्हणजे ते प्रकरण कंपनीच्या हातात राहत नाही.

नमुन्याबद्दल बोलतोय तर त्या ११ पानांत दोन गोष्टी शोधा. एक, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ. सर्वोच्च न्यायालयानं ते २०१५ मध्येच रद्द केलं, तरी जुन्या नमुन्यांत ते धमकी म्हणून अजून फिरतंय. दुसरं, सेक्शन ७ किंवा नॅशनल लेबर रिलेशन्स ॲक्ट असा उल्लेख. तो अमेरिकेचा कायदा आहे. यातलं एक जरी सापडलं तरी तो कागद कुणीतरी न वाचता उतरवलेला आहे, आणि तुम्हीही न वाचता लावलात हे कामगार न्यायालयात पहिल्या पाच मिनिटांत उघड होईल.

टेक्निशियनला काढायचं का? नाही. स्टेटस आधीचं, पॉलिसी नंतरची. नंतर आलेला नियम मागच्या स्टेटसला लावता येत नाही. शिवाय टेक्निशियन कायद्याच्या भाषेत कामगार आहे. त्याची बाजू न ऐकता, घाईनं, किंवा चुकीच्या मानानं फारच मोठी शिक्षा देऊन काढलंत तर ती अनुचित कामगार प्रथा ठरू शकते. सहा वर्षं चोख काम केलेल्या मुलाला एका स्टेटसवरून काढणं हे त्याचं पुस्तकी उदाहरण होईल. ग्राहकानं मागणी केली, हे कारण तिथे चालत नाही.

पण काहीच न करणंही चूक आहे, कारण ग्राहकाची सेवा नाकारायची नाही एवढं समजायला पॉलिसी लागत नाही. या आठवड्यात असं करा. सेक्रेटरींकडून मूळ स्क्रीनशॉट मागवा, कापलेला नको, वरचं नाव आणि वेळ दिसणारा. सोसायटीच्या ग्रुपवर फिरलेल्या चित्रांना मागचं-पुढचं कापायची सवय असते, आणि स्टेटस २४ तासांत गेलेलं असल्यामुळे नंतर पडताळता येत नाही. तो स्टाफच्या ग्रुपवर टाकू नका. मुलाला एकट्याला बोलवा, आधी त्याचं ऐका. बहुतेक तो म्हणेल, एका रहिवाशानं अपमान केला होता म्हणून रागात टाकलं. तसं असेल तर तेही लिहून घ्या, कारण ती वेगळी तक्रार आहे आणि तिचीही दखल घ्यावी लागेल. मग अर्ध्या पानाची लेखी समज: काय लिहिलं, त्यातला कोणता भाग चुकीचा आणि का, पुढे काय अपेक्षा. "मराठीबद्दलच्या तुमच्या मताशी कंपनीचा संबंध नाही" हे वाक्य त्यात स्पष्ट असू द्या.

सोसायटीला उत्तर कामाच्या एका दिवसात जायला हवं, फोनवर नाही, पत्रानं. मजकूर असा चालेल:

"आपण पाठवलेलं स्टेटस आम्ही पाहिलं. लिफ्टमध्ये कुणी अडकल्याचा फोन कोणत्याही भाषेत आला, तरी आमचा माणूस करारातल्या वेळेत पोचतो, आणि ते बदलणार नाही. संबंधित कर्मचाऱ्याशी आम्ही बोललो असून आवश्यक ती कार्यवाही केली आहे. पुढील तीन महिने आपल्या इमारतीची देखभाल दुसरा टेक्निशियन पाहील. यापुढे तक्रारीसाठी कृपया खालील नंबर वापरावा. तो २४ तास चालू असतो. गेल्या १२ महिन्यांतल्या आपल्या कॉलची वेळेनुसार नोंद सोबत जोडली आहे."

हे पत्र हिंदीत किंवा इंग्रजीतही द्या, बाणेरच्या मॅनेजिंग कमिटीत कोण आहे ते बघून. त्यात भाषावादावर बाजू घेऊ नका, मुलाचं नाव घालू नका, काय कारवाई केली ते सांगू नका. सगळ्यात जास्त बोलणार आहे ती जोडलेली नोंद. त्या १२ महिन्यांत तो मुलगा त्यांच्याकडे किती वेळा आणि किती मिनिटांत पोचला, हे सेक्रेटरींना स्वतः वाचू द्या. उशीर झालेले कॉल गाळू नका, त्यांच्या वॉचमनच्या वहीत वेळ लिहिलेली असते. मुलाची साइट बदलताना त्याचा रात्रीच्या कॉलचा भत्ता बुडणार असेल तर दुसऱ्या साइटवर तेवढे कॉल द्या, नाहीतर ती बदली शिक्षा ठरते.

पॉलिसी उद्यापासून लावता येणार नाही. शिस्तीचे नवे नियम आणायचे तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. हे दिवस वाया जात नाहीत, सिम आणणं आणि सोसायट्यांना नवा नंबर कळवणं याला तेवढे लागतातच. मसुदा एकदा लेबर कन्सल्टंटला दाखवा. तुमच्याकडे उत्तर प्रदेश, ओडिशातली मुलं असतील तर हिंदी प्रतही काढा. ज्या स्टेटसवरून हे सुरू झालं, त्याच्यावरची पॉलिसी फक्त मराठीत देणं बरं दिसणार नाही. सही घेताना "वाचून समजावून सांगितलं" आणि कोणत्या भाषेत, हे लिहून घ्या. प्रत माणसाकडे एक, फाइलला एक.

आणि त्यात मालकालाही धरा. "ही पॉलिसी भागीदार व संचालकांनाही लागू आहे" असं वाक्य हवं, आणि ते खरं हवं. छोट्या कंपनीत ग्राहकाच्या लेखी मालक हीच कंपनी. टेक्निशियनचं स्टेटस ४० सोसायट्या बघत असतील तर तुमचं सगळ्याच बघतात. मुलांच्या ग्रुपवर सकाळी सातला राजकीय फॉरवर्ड टाकणारे तुम्हीच असाल तर तिसरं कलम शिकवायला उभं राहणं अवघड जाईल. तो ग्रुप कॉलच्या वाटपापुरता ठेवा, बाकीच्या गप्पांसाठी मुलं आपला वेगळा ग्रुप काढतात, त्यात तुम्ही नसलेलंच बरं.

सह्यांआधी अर्ध्या-पाऊण तासाची बैठक घ्या, कलमं वाचून दाखवायला नाही. दहा नमुना पोस्ट कागदावर छापून न्या आणि प्रत्येकीवर हात वर करून घ्या: चालेल की नाही. आठ-नऊंवर एकमत होईल. एक तरी अशी घाला जिच्यावर होणार नाही. समजा, विसर्जन मिरवणुकीत ढोल वाजवतानाचा फोटो, अंगात कंपनीचा टी-शर्ट, मागे मंडळाच्या कमानीवर नगरसेवकाचा फ्लेक्स. निम्मे म्हणतील सण आहे, त्यात काय. निम्मे म्हणतील फ्लेक्सवाला दिसतोय. आमचं मत: टी-शर्ट बदलावा, फोटो खुशाल टाकावा. पण तुमची मुलं वेगळं ठरवतील तर तसं ठरवू द्या. जे ठरेल ते दुसऱ्या कलमाखाली पेनानं लिहा, आणि सह्या त्याच्या खाली घ्या.